मोबाईलचा डोळा आणि साडीचा खरा रंग

नगर तालुक्यातील सारोळा कासार हे गाव 2020 साली घरोघरी माहीत झाले, ते सुमन धामणे या आजींमुळे. शाळेची पायरी न चढलेल्या या आजींच्या पाककृती त्यांच्या नातवाने चित्रित केल्या आणि ‘आपली आजी’ या नावाने यूट्यूबवर मांडल्या. मोठा संच नव्हता की सजवलेले दालन नव्हते. घरचे स्वयंपाकघर होते, आजींची बोली होती आणि दिसत होते ते जसे होते तसे होते. लोकांनी विश्वास ठेवला तो या खरेपणावर.

आज जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी केवळ एका मोबाईलच्या बळावर लग्नाची, दुकानाची किंवा शाळेच्या कार्यक्रमाची छोटी चित्रफीत करून देणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. अनेक व्यापारी घरांत तर हे काम घरचाच मुलगा किंवा सून पाहते. मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मोबाईल जे समोर आहे ते जसेच्या तसे टिपत नाही. प्रकाश किती, रंग कोणता, कोणता आवाज मोठा, हे तो क्षणोक्षणी स्वतःच ठरवीत असतो. चित्रण करणाऱ्याचे खरे कौशल्य हा निर्णय मोबाईलच्या हातून आपल्या हाती घेण्यात आहे. कापडाच्या दुकानात तर व्यवहाराचा खरेपणाच त्यावर अवलंबून असतो.

राहुरी किंवा शेवगावच्या पेठेतील एखादे साडीचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. मोरपंखी रंगाची एक साडी आहे. तिचा उभा धागा निळा आणि आडवा धागा हिरवा. दुकानदाराच्या मुलाने तिची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत करून पुण्याच्या ग्राहक ताईंना पाठविली. ताईंना पडद्यावर झळाळता निळा रंग दिसला. त्यांनी पैसे पाठविले. पार्सल उघडले, तर साडी हिरवट निघाली. साडी परत आली, दोन्ही वेळचा कुरिअर खर्च दुकानावर पडला, घडी मोडली आणि ताई पुन्हा काही मागवतील याची खात्री उरली नाही. दुकानदाराने खोटे काहीच सांगितले नव्हते. खोटे मोबाईलने सांगितले होते.

हे का घडले? मोबाईल समोरच्या दृश्यातील पांढरे काय असावे याचा अंदाज बांधतो आणि बाकीचे रंग त्या बेताने फिरवितो. यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. साडी उलगडत जाऊन एकाच रंगाने सारी चौकट भरली की हा अंदाज चुकतो. दुकानात छताला थंड पांढरी ट्यूबलाइट, काउंटरवर पिवळसर दिवे आणि दारातून येणारे ऊन असा तिहेरी प्रकाश असेल, तर मोबाईल आणखी गोंधळतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. साडीला लावलेली किमतीची पांढरी चिठ्ठी चित्रफितीत निळसर वा पिवळट दिसते, किंवा पदर उलगडताना मधेच साऱ्या दृश्याचा रंग बदलतो.

उपाय चित्रणापूर्वीच करावा लागतो. प्रथम एकाच जातीचा प्रकाश ठेवावा. पिवळे दिवे बंद करून फक्त ट्यूबलाइट चालू ठेवावी, किंवा सर्व दिवे बंद करून दाराजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी साडी मांडावी. मग साडीवर एक कोरा पांढरा कागद ठेवावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यात Pro किंवा Pro Video हा पर्याय असतो; त्यातील WB चा आकडा पुढेमागे करून कागद पडद्यावर पांढराच दिसेल तेथे थांबावे. थंड ट्यूबलाइटखाली हा आकडा साधारण 6500 च्या आसपास येतो, पिवळ्या बल्बखाली 2700 ते 3000. ज्या फोनमध्ये ही सोय नाही, त्यासाठी Blackmagic Camera हे विनामूल्य ॲप आहे. मात्र ते प्रत्येक फोनवर चालत नाही. एकदा आकडा ठरला की तो शेवटपर्यंत बदलू नये.

दुसरी अडचण दिव्यांच्या लुकलुकीची. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 फेरे घेते, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण चित्रफितीत काळसर पट्टे वरखाली सरकताना दिसतात. त्याच Pro पर्यायात शटर 1/50 किंवा 1/100 ठेवले की हे पट्टे बहुधा नाहीसे होतात. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्याखाली तरीही ते राहिले, तर दिवाच बदलावा.

आता चित्रण. फोन उभा धरावा आणि HDR व्हिडिओ बंद ठेवावा, कारण ते चित्रण दुसऱ्याच्या फोनवर फिकट किंवा भडक दिसण्याचा संभव असतो. तीस सेकंदांसाठी पाच तुकडे पुरतात. घडी घातलेली साडी 3 सेकंद, पदर उलगडताना 8 सेकंद, काठाची वीण जवळून 5 सेकंद, साडी खांद्यावर घेतलेली 9 सेकंद आणि शेवटी किंमत लिहिलेले पांढरे कार्ड 5 सेकंद. मोरपंखी साडी हळूहळू तिरपी केली की एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने हिरवा, असे दोन्ही रंग दिसतात. छायाचित्रात एकच कोन दिसतो. चित्रफितीचा उपयोग नेमका येथे आहे. त्याच वेळी दुकानदाराने आपल्या तोंडाने सांगावे, ‘ताई, ही उन्हात हिरवी दिसेल आणि घरात निळी.’

जोडकाम करताना VN सारख्या ॲपमध्ये तुकडे क्रमाने लावावेत, नकोसे भाग कापावेत आणि तेवढ्यावर थांबावे. रंग खुलविणारे फिल्टर कपड्याच्या चित्रफितीला कधीही लावू नयेत. खालच्या भागात अक्षरे लिहू नयेत, कारण रीलमध्ये तेथे नाव आणि बटणे येऊन ती झाकली जातात. पाठविण्यापूर्वीची शेवटची पायरी सर्वांत मोलाची आहे. चित्रफीत दुसऱ्या, साध्या फोनवर लावून तो फोन खिडकीजवळ साडीशेजारी धरावा. दोन्ही रंग जुळले तरच ती ग्राहकाकडे जावी. अगदी तंतोतंत जुळणी कोणत्याच पडद्यावर होत नाही, पण निळ्याचे हिरवे होणे मात्र टळते.

लग्नात हाच मोबाईल रंगापेक्षा प्रकाशात फसवितो. जैन कुटुंबांतील पुष्कळ विवाह दिवसाउजेडीच पार पडतात. मांडवाची एक बाजू उघडी असते आणि बाहेरचे ऊन नेमके वधूवरांच्या पाठीमागे येते. मोबाईल त्या उजेडाकडे पाहून सारे दृश्य मंद करतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून शक्य तेथे ऊन आपल्या पाठीशी किंवा बाजूला घ्यावे. तसे उभे राहता येत नसेल तर पडद्यावर वधूच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरावे. आयफोनवर AE/AF LOCK अशी अक्षरे उमटतात, अनेक अँड्रॉइड फोनवर कुलपाचे चिन्ह येते. मग मागचे ऊन पांढरे झाले तरी चेहरे नीट दिसतात.

वरमाला, फेरे आणि पाठवणी हे क्षण पुन्हा घडविता येत नाहीत. ऐन वरमालेच्या वेळी एखादा फोन आला की चित्रण तुटू शकते. म्हणून चित्रण करणाऱ्याचा फोन फ्लाइट मोडवर असावा. जागेचा हिशेबही आदल्या रात्री करावा. आयफोनवर 1080p आणि 30 fps या मापात एका मिनिटाला, निवडलेल्या पद्धतीनुसार, सुमारे 60 ते 130 एमबी जागा लागते. तीन तासांच्या सलग चित्रणाला जास्तीत जास्त सुमारे 23 जीबी लागतील. 30 जीबी मोकळी असावी. मे महिन्याच्या उन्हात फोन तापून चित्रण थांबवितो, म्हणून मधल्या वेळेत तो सावलीत ठेवावा. चित्रण दोन ठिकाणी उतरवून घेतल्याखेरीज फोनमधून पुसू नये.

गाण्यांविषयी एक गैरसमज आहे. लग्नसमारंभात गाणी वाजविण्याला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण तीच गाणी लावून चित्रफीत इंटरनेटवर टाकण्याला ती लागू होत नाही. अशा चित्रफितीचा आवाज बंद केला जाऊ शकतो. मंगलाष्टकांचा, हसण्याचा, आजीच्या आशीर्वादाचा खरा आवाज ठेवणे अधिक बरे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात फसवणूक आवाजाची असते. पंधरा-वीस फुटांवरून बोलणाऱ्या मुलापेक्षा मोबाईलला जवळच्या खुर्च्यांचा खडखडाट मोठा ऐकू येतो. यासाठी दुसरा फोन फ्लाइट मोडवर, ध्वनिमुद्रण चालू करून, बोलणाऱ्याच्या खिशात किंवा माइकच्या पायाशी ठेवावा. सुरुवातीला एकाने मोठी टाळी वाजवावी. जोडकामात दोन्ही टाळ्या एकावर एक आणल्या की चित्र आणि आवाज जुळतात. मात्र फोनचे चित्रण नेहमी समान गतीने होत नाही. त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ दहा मिनिटांनी शब्दांच्या मागेपुढे जाऊ लागतात. असे झाले तर लांब चित्रण दोन-दोन मिनिटांत कापून प्रत्येक तुकडा पुन्हा जुळवावा. मुलांचे चेहरे सार्वजनिक करण्यापूर्वी शाळेमार्फत पालकांची लेखी संमती घ्यावी. 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांच्या संमतीची अट घालतो.

पूर्ण झालेली चित्रफीत व्हॉट्सॲपवरून पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जाऊन धूसर होत नाही. आणखी एक काळजी मालकानेच घ्यावयाची आहे. सारोळ्याच्या आजींची यूट्यूब वाहिनी ऑक्टोबर 2020 मध्ये काही दिवस चोरट्यांच्या हाती गेली होती. पुढे ती परत मिळाली. दुकानाचे खाते चित्रण करणाऱ्या मुलाच्या नावे नसावे. ते दुकानाच्या ईमेलवर आणि दुकानाच्या क्रमांकावर उघडावे आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. गल्ल्याची किल्ली जशी घरच्या माणसाकडे असते, तशीच हीही असावी.

त्या मोरपंखी साडीची चित्रफीत पुन्हा काढली, तर ती पहिल्यापेक्षा कमी झळाळती दिसेल. कदाचित तिला पसंतीचे अंगठेही कमी मिळतील. पण पुण्याच्या ताई पार्सल उघडतील, साडी खिडकीपाशी नेतील, आणि ती त्यांना हिरवी दिसेल; घरात आणतील तेव्हा निळी. दुकानदाराने सांगितले होते तशीच.