नाकारलेल्या दाव्यातले कलम वाचा

रुग्णालयाच्या विमा खिडकीवर ‘क्लेम पास होत नाही’ एवढेच ऐकून पैसे भरून घरी येणारे अनेक असतात. गव्हाण-उलव्याकडून पनवेल किंवा नेरूळच्या रुग्णालयात गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक त्या क्षणी वाद घालण्याच्या मनःस्थितीत नसतात. पण खिडकीवरचे ते वाक्य म्हणजे कंपनीचे उत्तर नव्हे. दावा नाकारताना किंवा रक्कम कापताना कंपनीने पॉलिसीतील नेमक्या कलमाचा आधार द्यायचा असतो. तो लेखी मागावा. खरा हिशेब तिथूनच सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. गव्हाणमधील एका गृहस्थांनी २६ महिन्यांपूर्वी पॉलिसी घेतली, अर्जात मधुमेह असल्याचे लिहिले आणि नूतनीकरण कधी चुकवले नाही. आता त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. कंपनीचे पत्र आले: ‘आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी अपूर्ण, Excl01.’

हे कलम आधीपासूनच्या आजाराचे आहे. त्याचा कालावधी पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने असे. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी तो ३६ महिन्यांवर आणला. पण हे कलम तो आजार आणि त्याची थेट गुंतागुंत एवढ्यापुरतेच लागू होते. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडले तर कंपनीचे म्हणणे टिकेल. हर्निया हा मधुमेह नाही आणि एरवी त्याची थेट गुंतागुंतही नाही. हर्निया साधारणपणे Excl02 या दुसऱ्या कलमात, म्हणजे मोतीबिंदू, मूळव्याध, पित्ताशयातील खडे अशा ठरावीक आजारांच्या यादीत असतो. या पॉलिसीत त्या यादीसाठी २४ महिने लिहिले आहेत आणि ते पूर्ण झाले आहेत. म्हणून या गृहस्थांनी उत्तरात तीन गोष्टी लिहाव्यात: पहिल्या पॉलिसीची तारीख, Excl02 मधील कालावधी आणि शस्त्रक्रिया मधुमेहाशी संबंधित नसल्याचे सर्जनचे प्रमाणपत्र. मात्र हर्निया पॉलिसी घेण्याआधीपासूनच होता असे जुन्या कागदांत आढळले, तर दोन्हींपैकी मोठा कालावधी लागतो. मध्येच विम्याची रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी महिने नव्याने मोजले जातात.

दावा मान्य झाला तरी प्रश्न संपत नाही. बिल १ लाख रुपयांचे आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज ५ हजारांची, पण खोली ८ हजारांची घेतली, तीन दिवसांसाठी. अनेक पॉलिसींत अशा वेळी नुसते भाडे कापले जात नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, कमी होते. कारण अनेक रुग्णालयांत ही शुल्के खोलीच्या दर्जानुसार वाढतात.

पण ही कपात सरसकट नसते. औषधे, हर्नियाची जाळी यांसारखी शरीरात बसवायची साधने आणि तपासण्या यांना ती लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कालाही नाही. रुग्णालय खोलीनुसार वेगळे दर लावत नसेल, तर ही प्रमाणशीर कपात करताच येत नाही. आता बिल मांडू. भाडे २४ हजार, त्यातले १५ हजार मान्य. डॉक्टर व शस्त्रक्रियागृह ४८ हजार, त्यातले ३० हजार मान्य. औषधे, जाळी, तपासण्या २८ हजार, पूर्ण मान्य. एकूण ७३ हजार. कंपनीने संपूर्ण बिलावर आठास पाचचे गणित केले, तर हातात ६२,५०० येतात. फरक १०,५०० रुपयांचा. तो पकडायचा तर रुग्णालयाकडून बाबवार बिल आणि कंपनीकडून कपातीचा तक्ता हवा.

याहून वेगळी ती कायमची वगळणूक. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा केवळ तपासणीसाठी दाखल होणे, यांत कितीही वर्षे झाली तरी पैसे मिळत नाहीत. अशा कलमाशी भांडण्यात वेळ घालवू नये. दाखल होणे उपचारासाठीच होते, हे केसपेपरवर दिसते का, एवढेच पाहावे.

लेखी हरकत प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते. शुल्क नाही, वकील लागत नाही. आपल्या भागाचे कार्यालय कोणते, ते पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर छापलेले असते.

कंपन्यांनी नकाराचे पत्र कलम आणि गणितासह मराठीत दिले, तर यातले निम्मे वाद उभेच राहणार नाहीत. तोवर रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी पॉलिसीतील दोनच आकडे पाहून ठेवावेत: खोलीभाड्याची मर्यादा आणि पहिल्या पॉलिसीची तारीख.