एकच 'थायरॉइड', पण दोन उलट्या तऱ्हा

गेल्या मे महिन्यात अकोल्याला आमच्याकडे लग्न होते. पारा ४४ वर, अंगणात मांडव, आत कूलर घरघरतोय. अशा उकाड्यात माझ्या मोठ्या जाऊबाई खांद्यावरून पदर घट्ट गुंडाळून बसल्या होत्या. "कूलर बंद कर वं माय, मले हीव लागते," असे त्यांचे चालले होते. आणि अमरावतीहून आलेली माझी नणंद? ती त्याच कूलरसमोर ठाण मांडून होती, घामाने ब्लाउज भिजलेला. ताटात चौथी पुरणपोळी घेऊनसुद्धा हाताची हाडे दिसत होती. जमलेल्या बायकांनी दोघींनाही एकच निदान सांगितले, "थायरॉइड असेल." गंमत म्हणजे ते बरोबर होते. पुढचा घोटाळा मात्र याच एका शब्दाने केला.

जाऊबाईंची तपासणी आधीच झालेली होती. त्यांचा टीएसएच ४२ आला होता (साधारण ०.४ ते ४ असावा लागतो) आणि त्यांना थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होती. नणंदेने अमरावतीला गेल्यावर रक्त दिले. रिपोर्टवर टीएसएच ०.०१, आणि पुढे 'कमी' अशी खूण. तिने काय अर्थ घ्यावा? थायरॉइड कमी! "वहिनीलाही थायरॉइड कमीच आहे ना, मग गोळी तीच," असे म्हणून डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत तिने जाऊबाईंकडून एक पट्टी मागवली. अकरा दिवस रोज एक गोळी. बाराव्या रात्री छाती इतकी धडधडायला लागली की तिला उठून बसवेना. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला १३६.

हा टीएसएच म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घ्या. आपल्याकडच्या जिनिंगमधला मुकादम आठवा. मजूर सुस्त असला की मुकादम ओरडतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी म्हणजे तो मुकादम, गळ्यातली थायरॉइड म्हणजे मजूर, आणि टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. थायरॉइड मंदावली की आवाज चढतो, म्हणजे टीएसएच जास्त. थायरॉइड बेफाम सुटली की मुकादमाला ओरडायचे कारणच उरत नाही, म्हणजे टीएसएच कमी. म्हणून नणंदेचा 'कमी' हा खरे तर 'अति' होता. आगीवर पाणी समजून तिने रॉकेल ओतले, बाई! त्यात या गोळीचा असर शरीरातून निम्मा व्हायलाच आठवडा लागतो. बंद केल्यावरही तिचे पुढचे पंधरा दिवस कठीणच गेले.

नुसता टीएसएच पाहूनही भागत नाही. त्याच्या जोडीने टी-फोर आणि टी-थ्री बघावे लागते. कधी बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन काही आठवडे 'अति' दिसते आणि मग आपोआप उतरते, तिथे 'अति' उतरवणाऱ्या गोळ्या द्यायच्याच नसतात. गळ्यावरची गाठ पाहून ओळखू म्हणाल, तर गाठ दोन्हींत येते.

खालचा तक्ता कापून औषधाच्या डब्याच्या झाकणाआड चिकटवा.

| | थायरॉइड मंद | थायरॉइड अति |
|---|---|---|
| थंडी-ऊन | थंडी सोसत नाही, कातडी कोरडी | उकाडा सोसत नाही, घाम, हात ओलसर |
| भूक आणि वजन | भूक बेताची, वजन वाढते | भूक दांडगी, तरी वजन उतरते |
| नाडी | मंद | जलद, छातीत धडधड, बोटे थरथरतात |
| शौच | बद्धकोष्ठ | वारंवार, पातळ |
| पाळी | बहुधा जास्त जाते | बहुधा कमी होते |
| मन | सुस्ती, विसर, उदासी | चिडचिड, झोप नाही |
| टीएसएच | बहुधा जास्त | कमी |
| उपचार | थायरॉक्सिनची गोळी, बहुतेकींना कायम | कार्बिमाझोल, बहुधा १२ ते १८ महिने. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल (दमा असल्यास आधी सांगा). नाहीतर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया |
| घरची शुश्रूषा | ऊबदार पांघरूण, अंगाला तेल, ज्वारीची भाकर-पालेभाजी, भरपूर पाणी | गार, शांत खोली, थोडे थोडे पण पोटभर, दूध-डाळी, चहा-कॉफी कमी, डोळे बाहेर आल्यास उशी उंच, उन्हात काळा चष्मा |
| ताबडतोब दवाखाना | गुंगी, अंग गार, हाकेला उत्तर नाही | ताप, बडबड, नाडी फार जलद. ॲस्पिरिन देऊ नका |

आता नणंदेचे पुढे. तिला कार्बिमाझोल सुरू झाले. डॉक्टरांनी एक गोष्ट तीनदा बजावली: घसा दुखून ताप आला तर त्या दिवशी गोळी घ्यायची नाही, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. फार थोड्या जणींत या औषधाने त्या पेशी एकदम घटतात, मग साधे दुखणेही जिवावर बेतते. दुसऱ्या महिन्यात तिला ताप आलाच. "पावसात भिजले, दुसरं काय," म्हणत ती काढा घेणार होती. तिच्या मुलाने ऐकले नाही. पेशी शाबूत निघाल्या, डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. पण जायलाच हवे होते.

घरी तिचे एवढेच काम: सकाळी उठण्याआधी अंथरुणातच मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. १३६ वरून सहा आठवड्यांत ८४ झाली. ४९ वर आलेले वजन आता ५३ आहे. त्यावर मात्र ती कुरकुरते, "जाड व्हायला लागले." अगं, हे गेलेले परत येतेय!

जाऊबाईंचे दुखणे सोपे वाटत होते, तर तिथे वेगळेच. नियमित गोळी घेऊनही जूनमध्ये टीएसएच पुन्हा ११. विचारता विचारता दोन चुका सापडल्या. गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर, आणि त्याच घोटाला रक्तवाढीची लोहाची गोळीही घेत. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच अडवून ठेवतात. म्हणून उठल्याबरोबर गोळी साध्या पाण्याने, चहा अर्ध्या ते एक तासाने, लोह-कॅल्शियम चार तासांनी. दुसरी चूक आपल्या अकोल्याची खास. गोळ्या ठेवलेल्या शेगडीवरच्या फळीवर. थायरॉक्सिनला उष्णता सोसत नाही, वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. अकोल्याच्या मे महिन्यात फळीवर ते कुठून मिळणार? घरातल्या सर्वांत गार, कोरड्या खोलीतले कपाट बघा, आणि वर्षाचा साठा उन्हाळ्यापूर्वी भरू नका.

डोस मात्र डॉक्टरांनी तेव्हा वाढवला नाही. आधी चुका सुधारा, मग सहा ते आठ आठवड्यांनी रक्त द्या, म्हणाले. त्याआधी तपासून उपयोग नसतो, टीएसएच सावकाश हलतो. ऑगस्टअखेर तो ३.२ आला. जास्तीची गोळी दिली असती तर जाऊबाईंची गाडी नणंदेच्या रुळावर गेली असती.

लेकीसुनांसाठी एक सांगायचे राहिले. थायरॉक्सिन घेणारीला दिवस गेले असे वाटले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. बाळासाठी डोस बहुधा वाढवावा लागतो, गोळी बंद करायची नसते. कार्बिमाझोल घेणारीने तर दिवस जाण्याआधीच विचारावे, कारण पहिल्या तीन महिन्यांत ते औषध बदलावे लागते.

परवा जाऊबाईंकडे गेले होते. गोळ्या फळीवरून देवघरातल्या कपाटात गेल्या आहेत, आणि पट्टीवर नणंदेने आपल्या हाताने चिठ्ठी चिकटवली आहे: 'फक्त वहिनीसाठी.'