पॉइंट सहाची पूजा

लग्नाचे फोटो हल्ली लिंकवर येतात. लिंक उघडायची, आपला एक सेल्फी द्यायचा, की हजारो फोटोंमधले 'तुमचे' फोटो वेगळे होऊन समोर. माझ्या आतेबहिणीला एका लग्नानंतर असे साठेक फोटो मिळाले. त्यातले अकरा तिचे नव्हतेच. हळदीच्या वेळचे, ओल्या कपड्यातले, दुसऱ्याच एका मुलीचे होते. म्हणजे हिचे फोटोही कुणाकडे तरी गेले असणार. तिनं फोटोग्राफरला फोन केला तर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, एखादा सुटण्यापेक्षा चार जास्त आलेले बरे ना?"

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. फोटोग्राफरवर माझा राग नाही, त्यानं सॉफ्टवेअर विकत घेतलंय. राग आहे तो हे वाक्य कोडमध्ये लिहून ठेवणाऱ्या माझ्याच बिरादरीवर.

आधी थोडक्यात यंत्र कसं चालतं ते. फोटोत चेहरा सापडला की तो सरळ करून कापला जातो आणि एका न्यूरल नेटवर्कला दिला जातो. बाहेर येते आकड्यांची एक रांग. 'डीलिब' या प्रसिद्ध लायब्ररीत ती १२८ आकड्यांची असते. याला एम्बेडिंग म्हणतात. १२८ मितींच्या एका अवाढव्य गावातला हा त्या चेहऱ्याचा पत्ता समजा. नेटवर्कला शिकवलेलं असतं ते इतकंच, की एकाच माणसाचे पत्ते जवळजवळ पडावेत आणि वेगवेगळ्या माणसांचे लांब. दोन पत्त्यांमधलं अंतर मोजायचं. ते एका ठरावीक आकड्याच्या आत असेल तर माणूस एकच, बाहेर असेल तर दोन. हा आकडा म्हणजे थ्रेशोल्ड, उंबरठा. नेटवर्क फक्त अंतर सांगतं, ओळख पटवत नाही. ओळख पटली असं म्हणतो तो उंबरठा, आणि तो माणसानं ठरवलेला असतो.

बहुतेकांनी तो ठरवलेला नसतो, उचललेला असतो. डीलिबच्या कागदपत्रांत ०.६ लिहिलंय. तीच लायब्ररी वापरणाऱ्या लोकप्रिय पायथन पॅकेजमध्येही डीफॉल्ट ०.६ आहे. शेजारी दिमाखात ९९.३८ टक्के अचूकतेचा आकडा आहे. झालं. माझ्या आधीच्या नोकरीत एका सीनियरला मी विचारलं होतं, की ०.६च का? तो म्हणाला, "पेपरवाल्यांनी काढलाय, तू कशाला हात लावतेस?" देव्हाऱ्यातल्या तांब्यालाही लोक याहून जास्त प्रश्न विचारत असतील.

ते ९९.३८ टक्के खरे आहेत. फक्त ते कशाचे आहेत ते वाचायला हवं. ही परीक्षा 'लेबल्ड फेसेस इन द वाइल्ड' नावाच्या संग्रहावर होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठानं २००७मध्ये तो आणला. बातम्यांतले १३,२३३ फोटो, ५,७४९ माणसं. परीक्षेत ६,००० जोड्या असतात, त्यातल्या निम्म्या एकाच माणसाच्या आणि निम्म्या वेगवेगळ्या माणसांच्या. या वेगवेगळ्या माणसांच्या जोड्या यदृच्छेनं लावलेल्या आहेत. एखादा टेनिसपटू आणि एखाद्या देशाची परराष्ट्रमंत्री हे दोघं वेगळे आहेत, हे ओळखायला नेटवर्क तरी कशाला हवं?

लग्नात परराष्ट्रमंत्री नसते. लग्नात सख्ख्या बहिणी असतात, एकाच नाकाच्या तीन पिढ्या असतात, एकाच पार्लरमधून एकाच दिवशी मेकअप करून आलेल्या आठ जणी असतात. आणि मुलं असतात. त्या पायथन पॅकेजच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलंय, की हे मॉडेल प्रौढांच्या चेहऱ्यांवर शिकलेलं आहे आणि ०.६ला लहान मुलांची सहज सरमिसळ करतं. ती ओळ फारसं कुणी वाचत नाही. आकडा मात्र सगळे कॉपी करतात.

दुसरी गोष्ट जोड्यांची. परीक्षेत सारख्या आणि वेगळ्या जोड्या निम्म्या-निम्म्या होत्या. अल्बममध्ये ५,००० चेहरे असतील तर त्यांच्या जोड्या होतात १,२४,९७,५००, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास, आणि त्यातल्या बहुसंख्य वेगवेगळ्या माणसांच्या. उंबरठा इतका कडक आहे असं धरू, की वेगळ्या माणसांच्या हजार जोड्यांतली एकच चुकून आत शिरते. तरी बारा हजारांच्या आसपास चुकीचे दुवे तयार होतील. सेल्फीचा हिशोबही तोच आहे. एक सेल्फी पाच हजार चेहऱ्यांशी ताडला की पाच परके फोटो. तीनशे पाहुण्यांनी सेल्फी दिले की दीड हजार. "चार जास्त" हे असे मोजायचे असतात.

आता गट पाडण्याकडे येते, कारण तिथे एक दुवासुद्धा पुरतो. माझ्या मामाकडे नव्वदच्या दशकातले स्कॅन केलेले प्रिंट आणि चार फोनमधले फोटो असे मिळून सुमारे पाच हजार चेहरे जमले. सरळसोट पद्धत अशी: ०.६च्या आत असलेल्या प्रत्येक दोन चेहऱ्यांमध्ये दोरी बांधायची आणि दोरीनं जोडलेलं सगळं एक माणूस मानायचं. सगळ्यात मोठा गट निघाला चौदाशे चेहऱ्यांचा. त्यात माझी आई, मावशी, आजी आणि मामेबहीण होत्या. चौघी एक!

दोरी कुठे बांधली गेली ते शोधलं. आई आणि मावशीचे नीट, समोरून काढलेले फोटो एकमेकींपासून ०.६६वर होते, म्हणजे वेगळे. पण एका ग्रुप फोटोत मागच्या रांगेत मावशीचा चेहरा जेमतेम ३८ पिक्सेलचा होता. डीलिब प्रत्येक चेहरा १५० गुणिले १५० पिक्सेलचा करून घेतं, त्यामुळे त्या ३८ पिक्सेलांना चौपट ताणलं गेलं. ताणलेला चेहरा कुणाचाच राहत नाही. तो मावशीच्या इतर फोटोंपासून ०.५१वर होता आणि आईपासून ०.५४वर. एका धूसर चेहऱ्यानं दोन बायका एक केल्या. मग तसाच कुणीतरी आजीला आत घेऊन आला.

म्हणून गट पाडताना दोरी पुरेशी नाही. गटातला कुठलाही चेहरा दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्यापासून उंबरठ्यापलीकडे नको, अशी अट घालावी लागते. याला कम्प्लीट लिंकेज म्हणतात. मग एकट्या धूसर चेहऱ्याला पूल होता येत नाही. पाच हजार चेहऱ्यांची सगळी अंतरं मेमरीत १०० एमबीच्या आसपास बसतात, तेव्हा "परवडत नाही" ही सबबही नको.

```python
AgglomerativeClustering(
    n_clusters=None,
    distance_threshold=t,
    linkage="complete")
```

आता `t` किती? इथे सगळे हात वर करतात, की खरी नावं लावलेला डेटा कुठून आणायचा? तो प्रत्येक अल्बममध्ये फुकट पडलेला आहे. एकाच फोटोत दिसणारे दोन चेहरे एका माणसाचे असू शकत नाहीत. आठ जणांच्या एका फोटोतून अशा २८ जोड्या मिळतात, ज्या वेगळ्या आहेत हे आपल्याला न विचारता माहीत आहे. वर गंमत अशी, की सख्ख्या बहिणी फोटोला शेजारी-शेजारीच उभ्या राहतात. म्हणजे टेनिसपटू आणि मंत्र्याची सोपी जोडी जाऊन आपल्याच घरातल्या अवघड जोड्या आयत्या मिळतात.

मामाच्या अल्बममधून अशा सुमारे नऊ हजार जोड्या निघाल्या. त्यातल्या १४० जोड्या ०.६च्या आत होत्या. म्हणजे ०.६नं १४० वेळा एकाच फोटोतली दोन माणसं एकच ठरवली असती. ०.५च्या आत उरल्या अकरा. त्या अकरा मी डोळ्यांनी पाहिल्या, आणि हे पाहणं टाळू नये. सात ठिकाणी माणूस खरंच एक होता: स्टेजमागच्या फ्लेक्सवर नवरानवरीचे मोठाले फोटो आणि पुढे तेच दोघं उभे, आणि एका ठिकाणी आरशासमोर केस विंचरणारी मामी. उरलेल्या चारांत दोन मागच्या रांगेतले धूसर चेहरे होते, दोन खरोखरच्या बहिणी. ६० पिक्सेलांखालचे चेहरे गट पाडताना बाजूला ठेवले आणि `t` ०.५ घेतला. निव्वळ दोरी बांधायची असती तर ०.५ मी घेतला नसता, ०.४५ घेतला असता.

या युक्तीला मर्यादा आहे. एका फोटोतली माणसं एकाच काळातली असतात. १९९४ मधली माझी आई आणि आजची मामेबहीण एका फोटोत कधीच येणार नाहीत, आणि नेमक्या त्या दोघी एकमेकींसारख्या दिसतात. अशा जोड्यांसाठी दोघींचे वीस-वीस फोटो हातानं काढून सगळ्यात लहान अंतरं बघावीच लागतात:

```python
d = np.linalg.norm(a[:, None] - b[None, :], axis=2)
print(np.sort(d.ravel())[:20])
```

यात सरासरी अंतर बघणाऱ्यांना मी हात जोडते. सरासरीनं कुणाची गल्लत होत नाही, गल्लत होते ती सगळ्यात जवळच्या जोडीनं. आणि हा सगळा खटाटोप मॉडेल बदललं की पहिल्यापासून करायचा. एका मॉडेलचा ०.६ युक्लिडियन अंतराचा, दुसऱ्याचा कोसाइनचा. लांबी एक केलेल्या पत्त्यांसाठी कोसाइन अंतर ०.६ म्हणजे युक्लिडियन जवळपास १.१. आकडा तोच, पण गाव वेगळं. मी हा आकडा जसाच्या तसा एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेलेला पाहिला आहे, आणि कोड रिव्ह्यूमध्ये कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की उंबरठा कडक केला की एकाच माणसाचे दहा गट पडतात, वापरणारा वैतागतो. पडतात. मामाच्या तीसेक माणसांचे दोनशेवर गट पडले. मामानं चहा पीत पीत "ही पण मावशीच", "हा पण बंड्याच" करत एका संध्याकाळी ते जोडले. एक गट जोडायला एक क्लिक लागते. पण चौदाशेच्या गटातून चौघींना सोडवायचं असतं तर चौदाशे चेहरे एकेक करून बघावे लागले असते, आणि जो कंटाळून अर्ध्यात सोडेल त्याच्या अल्बममध्ये ती गल्लत कायमची राहील. त्यातून कुणी "या व्यक्तीचे सगळे फोटो लपवा" म्हटलं, घटस्फोटानंतर लोक म्हणतात, की आईबरोबर मुलगीही अल्बममधून गेली. तुटलेला गट दिसतो. मिसळलेला गट पोट भरल्यासारखा शांत बसलेला असतो, त्याच्याबद्दल तक्रारच येत नाही. तक्रारींची संख्या मोजून उंबरठा सैल करणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजरांना हा फरक कधी दिसत नाही.

नवरानवरीनं स्वतःचे सगळे फोटो चाळायचे असतील तर सैल उंबरठ्याला माझी हरकत नाही. अल्बम त्यांचाच आहे, चार परके दिसले तर पुढे सरकवतील. पाहुण्यांच्या लिंकवर मात्र चुकीची किंमत तिसरीच व्यक्ती मोजते, आणि तिला ती मोजली हे कळतही नाही. तिथे दोन उंबरठे लागतात. कडक उंबरठ्याच्या आतले फोटो पाहुण्याला थेट दाखवायचे. दोन उंबरठ्यांच्या मधले कुणालाच न दाखवता यजमानांकडे पाठवायचे, "ही हीच का?" विचारत. दहा ओळींचं काम आहे. मी विचारलं तेव्हा एका ओळखीच्या डेव्हलपरनं सांगितलं, की ते केलं तर 'एकही फोटो सुटणार नाही' ही जाहिरात काढावी लागेल.