सॅनिटायझरला न जुमानणारे जुलाब

नागपूरच्या उन्हाळ्यात कुणाला जुलाब लागले की घरात दोनच निदाने होतात: ऊन लागले, नाहीतर पाणी बाधले. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत रुग्णाने अँटिबायोटिक घेतले असेल, तर आम्ही तिसरे एक नाव लक्षात ठेवायला सांगतो. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल, थोडक्यात सी. डिफ.

समजा, मोमिनपुऱ्यातल्या एका घरी दादींना मधुमेह आहे. पायाच्या जखमेसाठी त्यांनी दहा दिवस क्लिंडामायसिन घेतले. जखम भरत आली, गोळ्या संपून आठवडा झाला आणि दिवसाला आठ-दहा वेळा पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. पोटात कळ, अंगात कसकस. मुलगा दुकानातून जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी आणतो. नेमकी तीच गोळी इथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण ती आतड्याची हालचाल मंदावते आणि जंतूचे विष आतच साचू शकते.

हे विष येते कुठून? आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही पित्तातल्या क्षारांचे रूप बदलतात आणि त्या बदललेल्या क्षारांत सी. डिफला वाढता येत नाही. अँटिबायोटिक जखमेतल्या जंतूंबरोबर ही वस्तीही उठवते. मग पित्तक्षार मूळ रूपातच खाली पोहोचतात, आणि त्यांचाच इशारा मिळून सी. डिफचा झोपलेला बीजाणू उगवतो. उगवलेला जंतू विष सोडतो, आतड्याचे अस्तर सुजते. क्लिंडामायसिनप्रमाणेच सेफिक्झिमच्या जातीची औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधेही याला वाट करून देतात.

अँटिबायोटिकनंतरचे सगळेच जुलाब असे नसतात, बरेचसे औषध थांबले की थांबतात. पण चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच होत असेल आणि दुसरे कारण दिसत नसेल, तर शौचाची तपासणी करावी लागते. मेयोत जा, मेडिकलला जा की गल्लीतल्या डॉक्टरांकडे, आधी घेतलेल्या औषधाची चिठ्ठी सोबत न्या. पोट फुगले, ताप चढला, शौचात रक्त दिसले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

आता सॅनिटायझर. अल्कोहोल जिवंत जंतूचे पातळ वेष्टण फोडते आणि आतली प्रथिने बिघडवते. बीजाणूभोवती मात्र प्रथिनांची जाड कवचे असतात, आतला गाभा जवळजवळ कोरडा असतो आणि त्याचे सारे व्यवहार बंद असतात. अल्कोहोलला धरायला जागाच नाही. प्रयोगशाळेत तर शौचाच्या नमुन्यात मुद्दाम अल्कोहोल घालतात, म्हणजे बाकीचे जंतू मरतात आणि सी. डिफचे बीजाणू तेवढे उरतात! जेल चोळल्याने ते हातभर पसरतात, इतकेच. साबणही त्यांना मारत नाही, पण चोळल्याने ते कातडीवरून सुटतात आणि वाहत्या पाण्याबरोबर जातात.

आपल्या घरांत तहारत पाण्याने होते, ही चांगलीच गोष्ट. पण नुसते पाणी पुरत नाही. दादींनी आणि त्यांची सेवा करणाऱ्या सुनेने शौचालयातून आल्यावर, तसेच वुजू आणि जेवणाआधी, साबणाने नखांसकट हात धुवावेत. लोट्याची मूठ, नळाची चावी, दाराची कडी यांवर बीजाणू महिनोन्महिने टिकतात. ५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून ही जागा पुसावी आणि दहा मिनिटे ओली राहू द्यावी. हे पाणी हाताला लावायचे नाही. शौचालय धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच मुळीच मिसळू नये, विषारी वायू निघतो.

उपचारात डॉक्टर आधी शक्य असल्यास मूळ अँटिबायोटिक थांबवतात आणि शरीरातले पाणी भरून काढतात. मग साधारणपणे व्हॅन्कोमायसिन १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस, तोंडाने देतात. शिरेतून दिलेले व्हॅन्कोमायसिन आतड्यात पुरेसे उतरत नाही. म्हणून इंजेक्शनची कुपी पाण्यात विरघळवून प्यायला दिली, तर नातेवाइकांनी दचकू नये. फिडॅक्सोमायसिनने दुखणे उलटण्याचे प्रमाण कमी राहते, पण ते महाग आहे. जुने मेट्रोनिडाझोल आता सौम्य आजारात, दुसरे काही मिळत नसेल तेव्हाच.

बरे झाल्यावर सुमारे पाचातल्या एका रुग्णाला पुढच्या दोन महिन्यांत जुलाब पुन्हा लागतात. त्यात दादींच्या पथ्याचा दोष नसतो, उजाड झालेली वस्ती अजून बसलेली नसते. वारंवार उलटणाऱ्या आजारात निरोगी माणसाच्या तपासलेल्या शौचातून जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. ऐकायला किळसवाणे आहे खरे. पण नेदरलँड्समधल्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच वेळी बरे झाले.

जुलाब थांबल्यावर 'खात्रीसाठी' पुन्हा शौच तपासू नये, बऱ्या माणसातही जंतू काही काळ दिसतो. मात्र पुढे दाताच्या डॉक्टरांनी जरी अँटिबायोटिक लिहायला घेतले, तरी दादींनी आधी या दुखण्याचे नाव सांगावे.