क्रिएटिनच्या डब्याने पायांत बळ येईल?

न्यूमोनिया किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी येतो तेव्हा आजार आटोक्यात आलेला असतो. पण खुर्चीतून उठताना मांड्या साथ देत नाहीत. लंडनमधील अतिदक्षता विभागांतल्या रुग्णांवरील २०१३च्या अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार दहा दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. अशा वेळी घरातला जिमला जाणारा मुलगा क्रिएटिनचा डबा आणतो. त्यामागचा हेतू चांगला असला तरी अपेक्षा मात्र तपासून घ्यायला हवी.

क्रिएटिन आपले शरीर स्वतः तयार करते आणि मांस-मासळीतूनही ते मिळते. स्नायूला झटपट ऊर्जा पुरवणे हे त्याचे काम. म्हणजे ते जास्त व्यायाम करायला मदत करते. व्यायामाची जागा घेत नाही.

हा फरक बेल्जियममधील २००१च्या एका प्रयोगात स्पष्ट दिसला. २२ निरोगी तरुण स्वयंसेवकांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला. निम्म्यांना क्रिएटिन, तर निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पावडर दिली. प्लास्टर काढले तेव्हा दोन्ही गटांत मांडीचा स्नायू सारखाच, सुमारे १० टक्के, घटला होता. त्यानंतर दहा आठवडे व्यायाम करून घेतला, तेव्हा क्रिएटिनच्या गटातील स्नायू लवकर भरून आला. झीज थांबली नव्हती. भरपाईला वेग आला होता.

पण हे तरुण निरोगी होते. आजारी शरीरात सूज, औषधे, भूक मंदावणे, वय असे अनेक अडथळे असतात. सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या शंभर रुग्णांवर इंग्लंडमध्ये प्रयोग झाला. सात आठवडे व्यायाम आणि जोडीला क्रिएटिन दिले. क्रिएटिन स्नायूंत पोहोचले होते, तरी चालण्याची क्षमता किंवा ताकद नुसत्या व्यायामापेक्षा अधिक वाढली नाही. या आधीच्या एका छोट्या अभ्यासात फायदा दिसला होता. मोठ्या अभ्यासात तो टिकला नाही.

वजनकाट्यावरही विसंबू नये. क्रिएटिन स्नायूत पाणी ओढून घेते. त्यामुळे सुरुवातीला किलोभर वजन वाढले, तरी तो नवा स्नायू नसतो. आधाराशिवाय खुर्चीतून पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात, हे दर आठवड्याला मोजणे अधिक खरे.

दुसरी अडचण रक्ततपासणीची. क्रिएटिनपासून क्रिएटिनिन बनते आणि त्यावरूनच मूत्रपिंडांचे काम जोखले जाते. पावडर घेतल्याने मूत्रपिंड ठीक असूनही आकडा वाढू शकतो. उलट खरा बिघाड असताना ‘पावडरमुळे असेल’ म्हणून दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना ती घेत असल्याचे आधी सांगावे, आणि मूत्रपिंडांचा आजार असल्यास त्यांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

माझे मत असे, की हातातला मर्यादित पैसा आधी फिजिओथेरपिस्ट आणि पुरेशा प्रथिनांवर खर्च व्हावा. व्यायाम सुरू झाल्यावर डॉक्टरांच्या संमतीने क्रिएटिन घेऊन पाहता येईल. पण पडून राहणाऱ्या रुग्णाला ते उभे करील, असा पुरावा आज नाही.