दोनशे चाळीस रुपयांची वाढ

टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीचा दर मे ते जुलै या तीन महिन्यांच्या वेतनापुरता १२ वरून १० टक्क्यांवर आणला. (ज्या लहान कारखान्यांची वर्गणी केंद्रच भरत होते, ते यातून वगळले होते.)

वाशिमच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये धरू. त्याची कपात १,४४० वरून १,२०० झाली. हाती २४० रुपये अधिक आले. मालकाची वर्गणीही तेवढीच घटली. तिच्यातील सुमारे १,००० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात, ते अबाधित राहिले. निधीत पडणारे ४४० मात्र २०० झाले. म्हणजे २४० हाती देऊन खात्यातून दरमहा ४८० घटले. मालकाचे वाचलेले २४० रुपये, ज्याच्या वेतनकरारात मालकाची वर्गणीही धरलेली असेल त्याच्याच पदरी पडायचे. इतरांच्या बाबतीत ते मालकाकडेच राहिले.

पगारवाढीचा आनंद कळवणाऱ्या सूचनेत हा हिशेब नसेल, तर ती अर्धीच सूचना होय. कामगाराला स्वेच्छेने १२ टक्के भरण्याची मुभा होती. मालकावर मात्र तसे बंधन नव्हते.