फुकटच्या फेऱ्यांचा हिशेब

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या सुमारास, अथवा दौंड स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना, कंत्राटी कामगाराच्या भ्रमणध्वनीवर एक संदेश येतो: ‘पाचशे रुपये भरा, पन्नास फ्री स्पिन मिळवा, हरलात तर दहा टक्के कॅशबॅक.’ कोणी वडीलधारा कार्यकर्ता जवळ असला तर पोरगा त्यालाच विचारतो, “अण्णा, फुकटच आहे ना? मग घ्यायला काय हरकत आहे?” या प्रश्नाला ‘जुगार वाईट’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही. तो प्रश्न नीतीचा नसून हिशेबाचा आहे आणि त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

हा हिशेब फारसा अवघडही नाही. ज्या भागात मटक्याचे आकडे लागत आले आहेत, तेथे तर तो लवकर कळावा. मटक्यात दहा आकड्यांपैकी एक आकडा लावावयाचा आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये घ्यावयाचे, असा सर्वसाधारण भाव. शक्यता दहात एक, मोबदला नऊपट. म्हणजे रुपयामागे दहा पैसे बुकीचे. संकेतस्थळावरील स्लॉट, म्हणजे चित्रांची चाके फिरविण्याचा खेळ, याच तत्त्वावर चालतो. त्यात परतावा शेकडा ९६ असल्याचे पुष्कळदा लिहिलेले असते, म्हणजे रुपयामागे चारच पैसे मालकाचे. वरवर पाहता हा मटक्यापेक्षा सौम्य वाटतो. परंतु मटक्याचा आकडा दिवसातून एकदोनदाच फुटे. स्लॉटचे चाक चार सेकंदांत एकदा फिरते. चार पैशांची कपात तासाला नऊशे वेळा होऊ लागली की तिचे सौम्यपण उरत नाही.

आता त्या संदेशातील देणगीकडे वळू या. समजा, एका फेरीची किंमत दोन रुपये आहे. पन्नास फेऱ्या म्हणजे शंभर रुपयांचा डाव, आणि परतावा ९६ टक्के धरला तर त्यातून सरासरीने ९६ रुपये हाती लागावयास हवेत. ते लागतातही, पण रोख म्हणून नव्हे, ‘बोनस’ म्हणून. नियमांच्या पानावर, बहुधा अगदी खाली, ‘वेजरिंग ३५ पट’ असे एक कलम असते. त्याचा अर्थ असा की मिळालेल्या बोनसच्या पस्तीस पट रकमेचे डाव लावल्याखेरीज एक पैसाही काढता येत नाही. ९६ गुणिले ३५ म्हणजे ३,३६० रुपये. दोन रुपयांच्या फेरीने १,६८० फेऱ्या, सुमारे दोन तास, आणि तेही बहुधा सात दिवसांच्या आत. या ३,३६० रुपयांच्या उलाढालीवर शेकडा चार कपात म्हणजे १३४ रुपये. मिळाले ९६, गेले १३४. शिवाय पुष्कळ ठिकाणी आधी खेळणाऱ्याचे स्वतःचे पैसे वापरले जातात व बोनसला त्यानंतर हात लागतो. म्हणजे पाचशे भरून जो कामगार सर्व अटी इमानेइतबारे पाळील, त्याच्या हाती सरासरीने सुमारे ४६२ रुपये राहतील. देणगी घेण्यासाठी त्यानेच ३८ रुपये मोजले!

यातून एक साधी कसोटी निघते, आणि ती पाठ करण्यासारखी आहे. शंभराला कपातीच्या टक्क्याने भागावे. कपात चार टक्के असेल तर उत्तर २५ येते. अटीतील पट पंचवीसच्या वर गेली की ती देणगी सरासरीने तोट्याची. पट दहाच असती, तर त्या ९६ रुपयांतून ३८ कापले जाऊन ५८ उरले असते. मात्र पट केवळ बोनसवर आहे की भरलेली रक्कम मिळवून दोन्हींवर, हे आधी पाहावे. दोन्हींवर असेल तर वरील सारा हिशेब कोसळतो. काढावयाच्या रकमेवर कमाल मर्यादा असते, तीही पाहावी. सरासरी ही थोड्यांच्या मोठ्या जिंकण्याने बनते आणि मर्यादा नेमके तेच मोठे जिंकणे कापते.

पैसे न भरता मिळणाऱ्या फेऱ्या निराळ्या. त्यांत गमावण्यासारखे रोख काही नसते, म्हणून त्यांचे मोल शून्याखाली जात नाही. तथापि त्या बदल्यात आधार कार्डाची प्रत व बँक खात्याचा क्रमांक मागितला जातो. त्याची किंमत वरील आकडेमोडीत धरलेली नाही.

कॅशबॅकचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात खरोखरच काही मोल असू शकते. अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे २०११ साली डॉन जॉन्सन नावाच्या ब्लॅकजॅक खेळणाऱ्याने कॅसिनोंकडून विशिष्ट मर्यादेपुढील हानीवर वीस टक्के सूट मान्य करून घेतली आणि काही महिन्यांत सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. जिंकले तर सारे आपले व हरले तर पाचवा हिस्सा माफ, अशा अटीवर मोठे डाव लावून वेळीच उठणाऱ्याकडे फायद्याचे पारडे झुकते. संकेतस्थळांचे मालक हे जाणून आहेत. म्हणून त्यांची कॅशबॅक एका डावावर नसते, आठवड्याच्या निव्वळ हानीवर असते; आणि आठवडाभर हजारो लहान डाव खेळणाऱ्याची हानी जवळजवळ निश्चितच असते. पाच रुपयांच्या चार हजार फेऱ्या, म्हणजे वीस हजारांची उलाढाल, कपात आठशे. दहा टक्क्यांनी ऐंशी परत. त्यावर पुन्हा दहा पटीची अट असेल तर आणखी ३२ गेले, उरले ४८. आठशे गमावून अठ्ठेचाळीस मिळविण्याला सवलत म्हणावयाचे! अटीविना रोख मिळत असेल तर आधीच हरलेल्याने ती जरूर घ्यावी. परंतु ती घेण्यासाठी आणखी एक फेरीही फिरवू नये.

हा सर्व हिशेब मालक शब्दाला जागेल असे धरून केलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर व त्यांसाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यातील शिक्षा खेळ चालविणाऱ्यास आहे, खेळणाऱ्यास नाही. तेव्हा आज असा संदेश पाठविणारा बहुधा परदेशात बसलेला असतो, आणि त्याने पैसे दिले नाहीत तर दाद मागावयाची सोय नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार मुळातच शून्य, जिंकलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा लागत नाही.

पैसे दिले तरी धोका संपत नाही. असे व्यवहार पुष्कळदा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून चालतात, आणि त्याच खात्यांतून सायबर फसवणुकीचा पैसाही फिरतो. फसविल्या गेलेल्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविली की पैशांचा माग काढीत बँका पुढच्या पुढच्या खात्यांतील रक्कम गोठवितात. त्या साखळीत शिरूरच्या कामगाराचे खाते सापडले तर जिंकलेले ५८ रुपये बाजूलाच राहतात. ज्या खात्यात पगार जमा होतो ते खातेच अडकते आणि ते सोडविण्यासाठी पाळी बुडवून बँकेत व पोलिसांकडे खेटे घालावे लागतात. तक्रार परराज्यात नोंदलेली असली तर पत्रव्यवहार तेथल्या पोलिसांशी करावा लागतो, आणि घरभाड्याची तारीख काही त्यासाठी थांबत नाही.